शिफारशीचं वाक्य कुठपर्यंत नेता येतं

अर्थशास्त्राच्या शोधनिबंधात शेवटाकडे दीड-दोन पानांचा एक भाग असतो. त्याचं शीर्षक बहुधा 'धोरणासाठी निष्कर्ष' किंवा 'शिफारशी' असं असतं. त्याआधीची तीस-चाळीस पानं आकडेमोडीची, तक्त्यांची आणि समीकरणांची. ती पानं तज्ज्ञ परीक्षक वाचतात, प्रत्येक तक्त्यावर प्रश्न विचारतात, गणित पुन्हा करायला लावतात. शेवटच्या दोन पानांकडे मात्र परीक्षकांचं तितकं लक्ष नसतं, आणि मंत्रालयातला अधिकारी, देणगीदार संस्था आणि पत्रकार नेमकी तीच पानं उघडतात. लेखकानंही ती बहुधा सगळ्यात शेवटी, दमून, घाईत लिहिलेली असतात. त्यामुळे तक्त्यांनी जेवढं सांगितलं त्याहून दोन पावलं पुढचं विधान तिथे सहज शिरतं.

असा भाग दुरुस्त करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे एका खऱ्या अभ्यासावरून पाहू. या अभ्यासाची मुळं मुंबईतच आहेत.

'प्रथम' या संस्थेनं मुंबईत बालसखी हा कार्यक्रम सुरू केला. महापालिकेच्या शाळेत तिसरी-चौथीत पोचलेली, पण अक्षरं जोडून वाचता न येणारी आणि साधी बेरीज-वजाबाकी अडणारी मुलं निवडायची. अशा पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास वर्गातून बाहेर काढून वेगळं शिकवायचं. शिकवणारी बालसखी वस्तीतलीच तरुणी असे. तिचं शिक्षण साधारणपणे दहावीपर्यंत झालेलं असे, तिला थोडक्या दिवसांचं प्रशिक्षण मिळे आणि महिन्याला 500 ते 750 रुपये मानधन. ती मुलांना त्यांच्या पुस्तकातला धडा पुढे नेऊन देत नसे. मूल जिथे अडलं आहे तिथून सुरुवात करत असे.

अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी मुंबई आणि वडोदरा या दोन शहरांत या कार्यक्रमाची तपासणी केली. शाळांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटातल्या शाळांना एका इयत्तेसाठी बालसखी दिली, दुसऱ्या गटातल्या शाळांना दुसऱ्या इयत्तेसाठी. म्हणजे प्रत्येक शाळेला काहीतरी मिळालं, आणि एकाच इयत्तेतल्या मुलांची तुलनाही करता आली: इथे बालसखी आहे, तिथे नाही. शोधनिबंध 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना पुढे 2019 मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यातही अशा प्रयोगांचा वाटा होता.

निष्कर्ष ठळक होते. दुसऱ्या वर्षाअखेर बालसखी असलेल्या वर्गांमधल्या सगळ्या मुलांचे सरासरी गुण 0.28 प्रमाण विचलनाने वाढले. हा आकडा डोळ्यांसमोर यावा म्हणून असं समजा: शंभर मुलं गुणांच्या क्रमाने रांगेत उभी आहेत आणि एक मूल बरोबर मध्यावर, पन्नासाव्या जागी आहे. तेवढ्या वाढीने ते साधारण एकसष्टाव्या जागी पोचेल. वाढ मुख्यतः रांगेच्या तळाशी असलेल्या मुलांमध्ये झाली. कार्यक्रम थांबल्यानंतर एका वर्षाने, ज्यांच्यासाठी तो होता त्या मुलांमध्ये फरक टिकून होता, पण तो 0.10 च्या आसपास उतरला होता. म्हणजे रांगेत पन्नासावरून चौपन्न.

आता या निकालांवर एखाद्यानं पुढचा परिच्छेद लिहिला आहे असं धरू. हा मी उदाहरणासाठी रचलेला आहे. मूळ लेखकांनी असं लिहिलेलं नाही. पण अशा वळणाचे परिच्छेद वाचायला मिळतात, हे या क्षेत्रातला कोणीही सांगेल:

'बालसखी नेमल्याने मुलांचे शिक्षण सुधारते हे या अभ्यासातून सिद्ध झाले आहे. त्यामुळे देशभरातील सरकारी शाळांनी आपल्या शिक्षकांमार्फत ही पद्धत राबवावी. वर्गातील पटसंख्या कमी करून काहीही साधत नसल्याने त्यावरचा खर्च या कार्यक्रमाकडे वळवावा. अत्यल्प खर्चात होणारी ही टिकाऊ सुधारणा गरीब मुलांचे भविष्य बदलू शकते.'

वाक्यं चारच आहेत. वाचायला बरी वाटतात आणि चारही वाक्यांत खऱ्या निकालाचा काही अंश आहे. म्हणूनच ती तपासायला अवघड जातात. माझी पद्धत साधी आहे. प्रत्येक वाक्यातली नामं आणि क्रियापदं खाली अधोरेखित करायची आणि समोर समासात लिहायचं की हे कोणत्या तक्त्यात मोजलं आहे. कोणाला, कोणी, कुठे, किती काळ आणि कशाच्या तुलनेत, या पाचांची उत्तरं तक्त्यातून मिळाली पाहिजेत. ज्या शब्दासमोर समास कोरा राहतो, तो शब्द बदलायचा, अट घालून ठेवायचा किंवा काढायचा.

पहिल्या वाक्यात 'शिक्षण सुधारते' आहे. मोजलं होतं ते भाषा आणि गणिताच्या मूलभूत कौशल्यांच्या चाचणीतले गुण. मुलं शाळेत टिकली का, पुढे दहावीला काय झालं, आत्मविश्वास वाढला का, हे त्या आकड्यात नाही. 'सिद्ध झाले' हेही जास्त होतं. दोन शहरांत, ठरावीक वर्षांत, ठरावीक शाळांत जे दिसलं त्याचा हा अंदाज आहे. दुरुस्ती अशी: 'मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांत बालसखी कार्यक्रमामुळे वर्गातील मुलांचे भाषा व गणिताच्या मूलभूत चाचण्यांतील सरासरी गुण दुसऱ्या वर्षाअखेर 0.28 प्रमाण विचलनाने वाढले; वाढ प्रामुख्याने मागे पडलेल्या मुलांत झाली.' वाक्य लांबलं. पण वाचणाऱ्या अधिकाऱ्याला आता कळतं की फायदा कोणाला झाला. ज्या जिल्ह्यात तिसरीतली बहुतेक मुलं आधीच वाचू शकतात, तिथे हाच आकडा मिळेल अशी अपेक्षा तो ठेवणार नाही.

दुसरं वाक्य सगळ्यात धोक्याचं आहे. 'शिक्षकांमार्फत' हा एकच शब्द पाहा. अभ्यासात शिकवणारी शाळेची शिक्षिका नव्हती, वस्तीतली बालसखी होती. तिला नेमणारी, प्रशिक्षण देणारी आणि तिच्यावर देखरेख ठेवणारी एक स्वयंसेवी संस्था होती, जिला हे काम मनापासून करायचं होतं. म्हणजे ज्याची तपासणी झाली तो एक गठ्ठा होता: मुलाच्या पातळीपासून शिकवणं, लहान गट, वेगळी व्यक्ती, रोज राखून ठेवलेले दोन तास आणि पाठीशी असलेली संस्था. यातल्या कोणत्या घटकामुळे गुण वाढले हे या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही, कारण सगळे घटक एकाच वेळी आले होते. शिफारस करताना लेखकानं गठ्ठ्यातला एक धागा ठेवला आणि बाकी सगळं बदललं. सुटा धागा या प्रयोगात कधी तपासलाच गेला नव्हता.

अशा उडीचं पुढे काय होतं, हे नंतरच्या प्रयोगांनी दाखवलं, आणि ते दाखवणाऱ्यांत मूळ संशोधकांचाच हात होता ही मला या सगळ्या कहाणीतली सर्वांत आदराची बाब वाटते. 2017 मध्ये बॅनर्जी, डुफ्लो, 'प्रथम'च्या रुक्मिणी बॅनर्जी आणि इतरांनी एका लेखात ही सगळी वाटचाल मांडली. बिहारमध्ये उन्हाळी सुट्टीत सरकारी शिक्षकांनी मागे पडलेल्या मुलांसाठी शिबिरं घेतली, तेव्हा मुलांची प्रगती दिसली. त्याच बिहारमध्ये शाळा सुरू असताना शिक्षकांना फक्त प्रशिक्षण आणि साहित्य दिलं, तेव्हा काहीच फरक पडला नाही. शिक्षक तेच होते, राज्य तेच होतं. वर्षभर शाळेत त्यांच्यावर अभ्यासक्रम पुरा करण्याची जबाबदारी असते, आणि मुलाच्या पातळीवर थांबून शिकवायला वेळापत्रकात जागाच नव्हती. ज्या गावांत 'प्रथम'चे स्वयंसेवक मदतीला होते, तिथे मात्र फायदा झाला. उत्तराखंडमध्ये स्वयंसेवक दिले, पण शाळांनी त्यांना नेहमीच्या शिक्षकांसारखं वर्ग सांभाळायला लावलं आणि परिणाम नाहीसा झाला.

केनियातल्या एका अभ्यासाचा निकाल याहून स्वच्छ आहे. तिथे कंत्राटी शिक्षक नेमण्याचा कार्यक्रम दोन यंत्रणांकडे सोपवला होता: काही शाळांत स्वयंसेवी संस्था, काही शाळांत सरकार, आणि कोणाकडे कोणती शाळा जाईल हे चिठ्ठीने ठरलं. टेसा बोल्ड आणि सहकाऱ्यांना आढळलं की संस्थेकडच्या शाळांत गुण सुमारे 0.18 प्रमाण विचलनाने वाढले, सरकारकडच्या शाळांत वाढलेच नाहीत. कागदावर कार्यक्रम एकच होता. 'कोणी राबवलं' हा प्रश्न समासात लिहायलाच हवा, तो यासाठी.

मग दुसऱ्या वाक्याचं करायचं काय? काढून टाकणं हा एक मार्ग आहे, पण तो मला पटत नाही. सरकारी शिक्षकांमार्फत हे जमेल का, हाच अधिकाऱ्याचा खरा प्रश्न आहे आणि शोधनिबंधानं त्याकडे पाठ फिरवू नये. 2007 च्या पुराव्यावर लिहायचं तर असं लिहिता येतं: 'संस्थेने नेमलेल्या व देखरेखीखालील बालसखींमार्फत, अशाच शहरी महापालिका शाळांत हा कार्यक्रम वाढवण्यास पुरावा अनुकूल आहे. शाळेच्या नियमित शिक्षकांमार्फत तो राबवल्यास हाच परिणाम मिळेल का, हे या अभ्यासातून सांगता येत नाही. तसा विस्तार करण्यापूर्वी त्याची स्वतंत्र तपासणी करावी.' यातलं शेवटचं उपवाक्य निव्वळ सावधगिरीचं नाही. कशाची तपासणी हवी हे त्यात नेमकं सांगितलं आहे. 'अधिक संशोधनाची गरज आहे' असं मोघम वाक्य असतं तर अधिकाऱ्यानं पान उलटलं असतं.

तिसऱ्या वाक्यातली चूक वेगळ्या जातीची आहे. मूळ अभ्यासात एक लक्षवेधी अंदाज आहे. बालसखीकडे पाठवलेल्या मुलांचा फायदा सुमारे 0.6 प्रमाण विचलन इतका होता, आणि मागे वर्गात राहिलेल्या मुलांचे गुण वाढल्याचं दिसलं नाही. पंधरा-वीस मुलं बाहेर गेल्यामुळे त्यांचा वर्ग लहान झाला होता, तरीही. यावरून 'पटसंख्या कमी करून काही साधत नाही' असं म्हणण्याचा मोह कोणालाही होईल.

पण आधी पाहा की वर्ग लहान कसा झाला. तो दिवसातले दोनच तास लहान झाला. मोठ्या वर्गातून थोडी मुलं गेली, आणि गेली ती सर्वांत मागे पडलेली. शिक्षक तेच राहिले, शिकवण्याची पद्धत तीच राहिली. शिवाय बालसखीकडे कोणाला पाठवायचं ते चिठ्ठीने ठरलं नव्हतं, शाळेत ठरलं होतं. म्हणून पाठवलेली मुलं आणि राहिलेली मुलं यांचा वेगवेगळा अंदाज काढताना संशोधकांना मुलाच्या सुरुवातीच्या गुणांचा आधार घ्यावा लागला आणि काही गृहीतकं मांडावी लागली. 0.28 हा आकडा थेट तुलनेतून येतो, 0.6 आणि त्याच्या जोडीचं शून्य या गृहीतकांतून येतं. दोन्ही आकडे उपयोगाचे आहेत, पण त्यांच्यावर सारखंच वजन टाकता येत नाही, आणि शिफारशीच्या भागात हा फरक हमखास पुसला जातो.

आणि 'दिसलं नाही' म्हणजे 'नसतं' असंही नव्हे. प्रत्येक अंदाजाभोवती एक अंतर असतं, ज्यात खरा आकडा असू शकतो. ते अंतर शून्याला स्पर्श करत असेल तर लेखक 'परिणाम आढळला नाही' लिहितो, पण त्याच अंतराच्या दुसऱ्या टोकाला छोटासा फायदाही बसत असतो. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात 1985 पासून झालेल्या एका मोठ्या प्रयोगात वर्ग 22 ते 25 मुलांवरून 13 ते 17 वर आणले होते, पूर्ण दिवस आणि अनेक वर्षं. तिथे सुरुवातीच्या इयत्तांत गुण स्पष्टपणे वाढले. मुंबईचा निकाल त्याच्या विरोधात जात नाही, कारण दोन्हीकडे वर्ग लहान करण्याचा अर्थच वेगळा होता.

म्हणून तिसरं वाक्य असं उरतं: 'मागे पडलेल्या मुलांना काही वेळ वेगळे शिकवल्याने उरलेल्या मुलांच्या गुणांत वाढ झाल्याचे आढळले नाही, मात्र पूर्ण वेळ व मोठ्या प्रमाणात पटसंख्या कमी करण्याच्या परिणामाबद्दल हा अभ्यास काही सांगत नाही.' 'खर्च वळवावा' हे गेलं. पटसंख्या कमी करण्यावर किती खर्च होतो आणि त्यातून काय मिळतं, हे या अभ्यासात मोजलेलंच नव्हतं. दोन गोष्टींतली एक निवडायला सांगायचं तर दोन्हींचा हिशेब मांडायला हवा.

चौथं वाक्य लवकर निकालात निघतं. 'टिकाऊ' हा शब्द 0.10 च्या आकड्यासमोर उभा राहत नाही. खरं सांगायचं तर अधिकाऱ्याला हीच माहिती सर्वांत मोलाची आहे: एक वर्ष कार्यक्रम चालवून थांबलं तर फायद्याचा बराच भाग ओसरतो. 'भविष्य बदलू शकते' याच्यासमोर समास कोरा आहे, ते काढायचं. 'अत्यल्प खर्च' मात्र खरा आहे. एका मुलामागे वर्षाला सुमारे सव्वादोन डॉलर खर्च आला. पण तो आकडा त्या मानधनावर उभा आहे. राज्यभर हजारो बालसखी सरकारी पैशातून नेमल्या, तर नोकरी कायम करण्याची आणि वेतन वाढवण्याची मागणी येणार, हे कंत्राटी शिक्षकांचा इतिहास माहीत असलेल्या कोणालाही सांगायला नको. त्या मागणीत गैर काही नाही. पण तेव्हा दर मुलामागचा खर्च बदलेल आणि शिफारशीनं ते आधीच सांगायला हवं. 'प्रयोगातील मानधनानुसार खर्च दर मुलामागे वर्षाला सुमारे सव्वादोन डॉलर होता. शासकीय वेतनश्रेणीत हा कार्यक्रम किती किफायतशीर ठरेल, याचा हिशेब वेगळा करावा लागेल.'

चारही वाक्यं अशी दुरुस्त केली की परिच्छेद जवळपास दुप्पट होतो आणि त्याचा आवाज खाली येतो. यावर सहकारी लेखकांची नेहमीची तक्रार असते की इतक्या अटी घातल्यावर मंत्रालयात कोण ऐकणार? तक्रार पोकळ नाही. अटींची गर्दी करून काहीच न सांगणारे शिफारशींचे भागही मी पुष्कळ वाचले आहेत. प्रत्येक विधानामागे 'कदाचित', 'काही प्रमाणात', 'संभाव्यतः' लावणं म्हणजे पुराव्याच्या मर्यादेत राहणं नाही. त्यानं खंबीर निकालही डळमळीत दिसतो. बालसखीमुळे त्या शाळांत मागे पडलेल्या मुलांना फायदा झाला, हे निःशंकपणे लिहावं, कारण ते चिठ्ठीने पाडलेल्या गटांच्या थेट तुलनेतून आलेलं आहे. अट तिथेच घालावी जिथे पुरावा खरोखर संपतो, आणि ती घालताना कशामुळे संपतो तेही सांगावं.

अशी नेमकी अट पुढच्या कामाला वाटही दाखवते. बिहारमध्ये शाळेच्या वेळेत शिक्षकांना जमलं नाही, याचं कारण शोधता आलं म्हणून हरियाणात 2012-13 मध्ये वेगळी रचना करून पाहिली. शाळेच्या वेळापत्रकात रोज एक तास राखून ठेवला. त्या तासात इयत्ता बाजूला ठेवून मुलं पातळीप्रमाणे बसवली. शिक्षकांवर देखरेख करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांना आधी स्वतः काही दिवस वर्गात शिकवून पाहायला लावलं, म्हणजे शाळेला भेट दिल्यावर काय पाहायचं आणि काय सांगायचं हे त्यांना कळावं. हिंदीचे गुण 0.15 प्रमाण विचलनाने वाढले. वाढ मुंबईपेक्षा कमी होती, पण ती सरकारी शाळेत, सरकारी शिक्षकांकडून, सरकारी देखरेखीखाली झाली होती. उत्तर प्रदेशात याउलट 'प्रथम'च्या माणसांनी दहा-दहा दिवसांची शिबिरं घेतली आणि तिथे वाढ याच्या कितीतरी पट झाली.

या दोन निकालांनंतर दुसरं वाक्य पुन्हा लिहायला घेतलं, तर 2007 मध्ये काढावा लागलेला 'शिक्षकांमार्फत' हा शब्द परत येऊ शकतो, मात्र तीन अटींसह: 'शाळेच्या वेळापत्रकात राखीव तास, पातळीनुसार मुलांचे गट आणि स्वतः ही पद्धत वापरून पाहिलेल्या अधिकाऱ्यांची देखरेख असेल, तर नियमित शिक्षकांमार्फतही ही पद्धत राबवता येते, हरियाणात यातून भाषेच्या गुणांत 0.15 प्रमाण विचलनाची वाढ झाली. यापेक्षा मोठा परिणाम हवा असल्यास बाहेरच्या चमूच्या अल्पकालीन शिबिरांचा विचार करावा.' गणिताबद्दल इथे काही लिहिलेलं नाही. हरियाणातला तो आकडा फक्त हिंदीचा आहे.